गौरी, तुझ्या अक्षराच्या फोटोबद्दल

गौरी,

तुझा फोटो परवा रात्रीच बघितला. खाली तू लिहिलंयस, "काका, यावरून माझ्याबद्दल काय कळतं? खरं सांगा, वाईट असलं तरी चालेल." दोन ओळींत उत्तर द्यायचा विचार होता, पण ते 'वाईट असलं तरी' खटकलं. काल तुझ्या बाबांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. अक्षरावरून स्वभाव सांगायच्या रविवारच्या त्या वर्गात सरांनी तुझा कागद सगळ्यांसमोर वर धरला आणि सांगितलं की ओळी खाली उतरतात म्हणजे मुलगी आतून खचलेली आहे, शिरोरेघ मधे मधे तुटते म्हणजे विचारांत सलगपणा नाही, आणि सही अशीच राहिली तर नोकरीत बस्तान बसणार नाही. सही सुधारण्याचा वर्ग पुढच्या महिन्यात, त्याची फी वेगळी. बरोबर ना?

तर आधी मुद्द्याचं. तुझ्या अक्षरावरून तुझा स्वभाव मला सांगता येत नाही. आणि त्या सरांनाही येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

थोडा घोळ तुझ्या बाबांनी घातलाय. ते मला सगळीकडे 'हस्ताक्षरतज्ज्ञ' म्हणून मिरवतात, त्यामुळे मी आणि ते सर एकाच गावचे वाटतो. माझी सगळी नोकरी गेली ती वादातले कागद तपासण्यात. चेकवरची सही खातेदाराचीच आहे का, मृत्युपत्रात मागाहून एखादी ओळ घुसडली आहे का, निनावी पत्र आणि संशयिताची वही एकाच हातची आहे का, असले प्रश्न. त्यासाठी 'क'चा पोटातला फाटा कुठून सुरू होतो, वेलांटी वरून खाली येते की खालून वर जाते, पेन कुठे उचललं, कुठे अडखळलं, हे भिंगाखाली बघायचं. मृत्युपत्र करणारे आजोबा प्रेमळ होते की खाष्ट, हे मला कोर्टात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो!

आणि आमचंही सगळं सोन्यासारखं आहे असं समजू नकोस. फ्रान्समध्ये १८९४ साली कॅप्टन ड्रेफसला हेरगिरीबद्दल शिक्षा झाली, ती एका चिठ्ठीच्या अक्षरावरून. बेर्तियों नावाच्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्याने छातीठोक सांगितलं की अक्षर ड्रेफसचंच आहे. जिथे जुळत नव्हतं, तिथे म्हणे ड्रेफसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली होती! चिठ्ठी लिहिली होती एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याने. ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडलं. जुळलं तरी तोच, नाही जुळलं तरी तोच. त्या गोष्टीने मला नोकरीभर जागं ठेवलं. 'हे कुणी लिहिलं' एवढ्या साध्या प्रश्नात जर अशी फसगत होते, तर 'लिहिणारा कसा आहे' याचं उत्तर एका रविवारी चाळीस जणांना वाटणाऱ्याबद्दल मी काय बोलू?

आता तुझा कागद. ओळी उतरतात, खरंय. पण तू कोऱ्या कागदावर लिहिलंयस, आखलेल्या नाही. प्रत्येक ओळ दोन-तृतीयांश सरळ जाते आणि शेवटी झुकते. कोपर टेबलावर एकाच जागी टेकवून लिहिलं की हात कंपासासारखा फिरतो आणि ओळ टोकाला खाली वळते. कागद सरकवत गेलीस तर उतरणार नाही. करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय फोन तिरका धरलायस, कागदाचा उजवा खालचा कोपरा आखूड दिसतोय, त्यामुळे उतार आहे त्याहून जास्त भासतो.

शिरोरेघेचं तर मला हसूच आलं. घाईत लिहिताना आपण सगळेच ती अर्धवट सोडतो, कॉलेजच्या नोट्स काढलेल्या कुणाचीही वही उघड. गुजराती लिपीत शिरोरेघ नाहीच, मग अख्ख्या गुजरातचे विचार तुटक म्हणायचे का? आणि आपले मोडी लिहिणारे कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग तिला अक्षरं टांगायचे. त्यांच्या विचारांचा सलगपणा काय सांगावा!

दाब जास्त देतेस, असंही ते म्हणाले म्हणे. तो फोटोवरून मला कळत नाही. मूळ कागद हातात घेऊन, बाजूने उजेड टाकून, मागच्या अंगाला उमटलेला उठाव बघावा लागतो. तेव्हाही आधी पेन कोणतं आणि खाली पुठ्ठा होता की वही, हे विचारावं लागतं.

अक्षरावरून स्वभाव ओळखायच्या या प्रकाराला ग्राफॉलॉजी म्हणतात. हा शब्द मिशों नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १८७० च्या दशकात रूढ केला. ती सगळी उभी राहिली रोमन लिपीवर. टीची आडवी रेघ किती उंच, आयचा ठिपका कुठे, जी आणि वायची शेपटी केवढी. आपल्या अक्षरात ना टी ना आय. तरी वर्गात तेच नियम ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांना आणि उकारांना चिकटवतात, आणि ते चिकटतातही, कारण मुळात सगळा शब्दांचाच खेळ आहे. अक्षर मोठं तर मन मोठं, ओळ खाली तर मन खाली, अक्षरं दूर दूर तर माणूस एकलकोंडा. ऐकायला पटतं, म्हणूनच तपासावंसं वाटत नाही.

ज्यांनी तपासलं त्यांच्यातलं एकच सांगतो, कारण ते तुझ्या कामाचं आहे. इस्रायलमधल्या एफ्रात नेटर आणि गेर्शोन बेन-शाखर यांनी १९८९ साली तोवरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. नोकरीच्या उमेदवारांनी हाताने लिहिलेल्या मजकुरावरून ग्राफॉलॉजिस्टनी अंदाज द्यायचे आणि ते कामावरच्या कामगिरीशी ताडायचे. अंदाज थोडेफार जुळत होते. पण ग्राफॉलॉजीचा गंधही नसलेल्या मानसशास्त्रज्ञांना तेच कागद दिले, तर त्यांचे अंदाजही तितकेच जुळले, काही ठिकाणी जास्तच. का? कारण उमेदवारांनी लिहिलं होतं स्वतःबद्दल. मी अमुक शिकलो, तमुक केलं, घरी अशी परिस्थिती. माहिती होती ती मजकुरात! सगळ्यांना एकच ठरीव उतारा लिहायला दिला की ग्राफॉलॉजिस्टच्या अंदाजांत जवळपास काही उरत नव्हतं.

म्हणून विचारतो, वर्गात तुम्हाला काय लिहायला सांगितलं होतं? 'स्वतःविषयी एक पान'? मग तुझं मन लागत नाहीये हे सांगायला ओळींचा उतार कशाला हवा होता?

तू म्हणशील, पण काका, ते बोलले ते बरंचसं पटलं. पटणारच. अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी पडली ४.२६. मग उघड झालं की सगळ्यांच्या हातात एकच वर्णन होतं, बरंचसं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेलं. वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता, लोकांनी मानावं असं वाटतं, पूर्ण ताकद अजून वापरलेली नाही. सांग, यातलं काय तुला लागू नाही? मला सगळं लागू आहे, आणि मी सत्तरीला आलोय.

एक गोष्ट मात्र खरी, ती दडवून ठेवत नाही. अक्षरावर शरीराची छाया पडते. कंपवातात अक्षर लिहिता लिहिता बारीक, किरटं होत जातं, हे डॉक्टर मंडळी जाणतात. हात दुखावला, चष्म्याचा नंबर वाढला, तरी बदलतं. पण तिथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या अक्षराशी करायची आणि निदान डॉक्टरांनी करायचं. तुझ्या पानावर तसलं काही मला दिसलं नाही. दिसलं ते एवढंच: वळण चांगलं आहे, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे, म्हणजे शाळेत कित्ता नीट गिरवलेला, आणि शेवटच्या चार ओळी घाईत उरकलेल्या. घाई का होती ते अक्षर सांगत नाही. बहुधा चहाची सुट्टी झाली असेल.

सहीचं म्हणशील तर मुळीच बदलू नकोस. हा माझ्या प्रांतातला सल्ला आहे. बँकेत, पॅनवर, पासपोर्टवर एक सही आणि हातात दुसरी, अशी माणसं टेबलाटेबलावर हेलपाटे घालताना मी बघितली आहेत. नोकरीतलं बस्तान उडालंच तर त्यापायी उडेल. फी भरली नसशील तर भरू नकोस, भरली असशील तर बाबांना सांगू नकोस, मला सांग.

आता मला खरंच जमतं ते. मला वाचता येतं. वाईटातलं वाईट अक्षर, पुसट शाई, पाण्याने फुगलेला कागद, सगळं. पण तुझ्या पानाचा मजकूर मी अजून वाचलेला नाही. आमची खोड अशी की अक्षर बघायचं म्हटलं की मजकुराकडे डोळेझाक करायची, नाहीतर मन एका बाजूला कलतं. नजरेला पडलं ते इतकंच की वर तीन ऑगस्ट ही तारीख आहे आणि 'आजी' हा शब्द तीनदा आलाय. पान तुझं आहे, खाजगी असेल. तू म्हणालीस तरच वाचेन, आणि वाचल्यावर एका माणसाने लिहिलेलं वाचून दुसऱ्याला जे वाटतं तेवढंच सांगेन. तू रविवारी चाळीस जणांपुढे ते पान दिलंस आणि त्या सरांपासून माझ्यापर्यंत सगळ्यांनी त्याच्या रेघा मोजल्या, हे मला काल रात्री जरा लागलं.

वाच म्हणालीस तर फोटो पुन्हा काढ. कागद खिडकीजवळ सपाट ठेव, चारही कोपरे चौकटीत घे, फोन अगदी वरून धर, फ्लॅश नको. डाव्या कडेचे दोन-तीन शब्द तुझ्या अंगठ्याखाली गेलेत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर बारीक रेघा मरतात.

शेवटून तिसऱ्या ओळीत तू एक शब्द गिरगटून खोडलायस. तो मला बहुतेक वाचता येईल, खोडलेलं वाचणं हे माझं कामच होतं. पण खोडलायस तो तू. वाचू, की राहू देऊ?

बाबांना आणि वहिनींना नमस्कार.

अनंतकाका