वक्फ-अलल-औलादचा दस्त : कुर्टी येथील राहते घर

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.

आज शुक्रवार, दिनांक 9 जानेवारी 2026 रोजी, फोंडा, गोवा येथे हा वक्फनामा लिहून देणार आम्ही उभयतां पतिपत्नी : (1) शेख अब्दुल करीम शेख युसूफ, वय वर्षे 71, निवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि (2) जैनब अब्दुल करीम शेख, वय वर्षे 66, धंदा घरकाम, दोघेही राहणार कुर्टी, तालुका फोंडा. आम्ही दोघेही जन्मापासून इस्लामचे आचरण करीत आलो आहोत. राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय हा वक्फनामा लिहून देतो ऐसाजे :

सदरहू घर माझे वडील मरहूम शेख युसूफ यांनी 1958 साली बांधले. त्यांच्या पश्चात झालेल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मयताच्या मालमत्तेच्या वारसांमधील न्यायालयीन वाटणीत, 1993 साली वारसांमध्ये बोली होऊन घर माझ्याकडे आले आणि भावंडांच्या हिश्श्यांची रक्कम मी चुकती केली. त्या रकमेत माझ्या पत्नीच्या आठ बांगड्यांचे पैसे आहेत, ही गोष्ट कोठल्याही कागदावर आलेली नाही म्हणून ती येथे लिहून ठेवतो. आमचा विवाह 1979 सालचा असून गोव्याच्या कायद्याप्रमाणे उभयतांची मालमत्ता सामाईक आहे. तेव्हा घराचा निम्मा हिस्सा तिचा आहेच, आणि तिच्या सहीखेरीज हा दस्त मला करता येणार नाही.

हा दस्त करण्याचे कारणही नमूद करणे आवश्यक वाटते. माझे आजोळचे घर याच तालुक्यात होते. आजोबांच्या पश्चात इन्व्हेंटरी झाली, बोली झाली, ज्या वारसाकडे घर गेले त्याला पुढे कर्ज झाले आणि दोन वर्षांच्या आत ते घर विकले गेले. त्यात कोणाचा लबाडपणा नव्हता आणि सगळे कायदेशीर होते. मात्र माझी विधवा मावशी, जी जन्मापासून त्या घरात होती, तिला शेवटची अकरा वर्षे भाड्याच्या खोलीत काढावी लागली. तिच्या हिश्श्याची रक्कम तिला मिळाली होती, पण त्या रकमेत तिला छप्पर मिळाले नाही. आमच्या वंशात जिच्यावर किंवा ज्याच्यावर तशी वेळ येईल, त्याला परतून येण्यास हे घर असावे, एवढ्यासाठीच हा वक्फ आहे.

मालमत्तेचे वर्णन : मौजे कुर्टी, तालुका फोंडा येथील सर्व्हे क्रमांक 84, पोटविभाग 6, क्षेत्र 640 चौरस मीटर, आणि त्यातील चिऱ्याच्या भिंतींचे, मंगळुरी कौलांचे, माडीसहचे घर, बांधकाम 210 चौरस मीटर, ग्रामपंचायत घर क्रमांक 318, रस्त्याकडच्या दोन दुकानवजा खोल्या, विहीर, दोन फणस, एक मानकुराद आंबा आणि सात माड यांसह. चतुःसीमा : पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस ओहोळ, उत्तरेस पोटविभाग 5, दक्षिणेस पोटविभाग 7. नमुना एक व चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून आम्हा उभयतांचे नाव आहे. मालमत्तेवर कोणतेही कर्ज, गहाण, कूळ वा दावा नाही.

कलम 1. वरील मालमत्ता आम्ही आजपासून कायमची वक्फ करीत आहोत. तिची मालकी आता अल्लाहची असून, आमच्या वंशजांना तिचा फक्त उपभोग आहे. ती विकता, बक्षीस देता, गहाण टाकता, अदलाबदल करता किंवा वाटून घेता येणार नाही. तसेच कोणाच्याही खाजगी कर्जासाठी तिला जामीन ठेवता येणार नाही. हा वक्फ मृत्युपत्र नव्हे. तो आमच्या हयातीतच अमलात येतो, आणि तो रद्द करण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडेही ठेवलेला नाही.

कलम 2. वक्फ कायदा 1995 मध्ये 2025 साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, दस्त केल्याखेरीज नवा वक्फ निर्माण होत नाही आणि वक्फ-अलल-औलादमुळे, म्हणजे स्वतःच्या वंशजांसाठी केलेल्या वक्फामुळे, कोणत्याही वारसाचा, स्त्री वारसांचा धरून, वारसाहक्क नाकारला जाता कामा नये. आमच्याकडे 1937 चा शरीयत कायदा लागू नाही. गोव्यात मुसलमानांचाही वारसा 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने आणि आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा 2012 प्रमाणे ठरतो. त्यानुसार निम्मी मालमत्ता सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते, तिला आपल्याकडे लेजितिम म्हणतात, आणि उरलेल्या निम्म्याचीच विल्हेवाट मालकाला आपल्या इच्छेप्रमाणे लावता येते. ही मर्यादा ओलांडली जाऊ नये म्हणून आम्ही नोंदणीकृत मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घेतले. घराची किंमत रुपये 62 लाख आणि फोंडा बाजारातील दुकान व बेतोडा येथील काजूची बाग मिळून रुपये 78 लाख अशी ठरली. एकूण रुपये 1 कोटी 40 लाखांपैकी घर निम्म्याहून कमी आहे. दुकान आणि बाग वक्फाबाहेर असून ती चारही मुलांना कायद्याप्रमाणे वारशाने जातील. पुढे हिशेबात कोणाच्या राखीव हिश्श्यात तूट आढळल्यास ती प्रथम वक्फाबाहेरील मालमत्तेतून भरून द्यावी.

कलम 3. लाभार्थी म्हणजे आम्ही उभयतां हयात असेतो आम्ही, आणि त्यानंतर आमची चार मुले : रेहाना, इक्बाल, शमीम आणि आसिफ, व त्यांचे वंशज, पिढ्यानपिढ्या. मुलाच्या शाखेला आणि मुलीच्या शाखेला समान हक्क आहे. मुलीच्या मुलांना या वक्फात बाहेरचे मानू नये. मुलीला मुलाच्या निम्मे असा हिशेब आम्ही मुद्दाम धरलेला नाही. वक्फात कोणाला किती लाभ द्यावा हे वाकिफाने, म्हणजे वक्फ करणाऱ्याने, ठरवायचे असते, आणि गोव्याच्या कायद्याने मुलीला जेवढे दिले आहे तेवढेच तिच्या बापाने द्यावे, असे माझे मत आहे. एखादी शाखा खुंटल्यास तिचा हिस्सा उरलेल्या शाखांना समान जाईल. कोणत्याही वंशजाचा हक्क त्याच्या विवाहाबद्दलच्या नाराजीवरून, परगावी वा परदेशी राहण्यावरून किंवा मुतवल्लीशी, म्हणजे वक्फाची व्यवस्था पाहणाऱ्याशी, पटत नाही एवढ्यावरून जाणार नाही.

कलम 4. राहण्याचा क्रम असा राहील. घरात सर्वप्रथम हक्क विधवा, तलाकशुदा वा टाकून दिलेल्या मुलीचा, नातीचा किंवा सुनेचा आणि तिच्या अज्ञान मुलांचा आहे. त्यानंतर ज्याचे स्वतःचे घर नाही त्याचा, आणि त्यानंतर इतरांचा. आमची मुलगी शमीम 2019 पासून आपल्या दोन मुलांसह आमच्याकडे राहते. खालच्या मजल्यावरील मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचा वापर तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राहील, तिने पुन्हा विवाह केला तरी. समोरचा सोपा, राजांगण, विहीर आणि झाडांचे उत्पन्न सर्वांचे सामाईक आहे. ईदेला, लग्नाला किंवा मयतीला जो कोणी वंशज घरी येईल त्याला राहण्यास जागा नाही असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. राहणाऱ्याने आपली खोली परक्याला भाड्याने देऊ नये.

कलम 5. रस्त्याकडच्या दोन खोल्यांचे भाडे सध्या दरमहा रुपये 14,000 येते. हे भाडे एका वेळी अकरा महिन्यांच्या कराराने, लेखी आणि बँकेतूनच घ्यावे. तोंडी भाडेकरूमुळे घरे कशी अडकतात हे या तालुक्यात सर्वांनी पाहिले आहे. उत्पन्नातून प्रथम घरपट्टी, वीज, पाणी आणि वक्फ बोर्डाचे कायदेशीर अंशदान भरावे. त्यानंतर दुरुस्ती करावी : दरवर्षी मे महिन्यात पावसापूर्वी कौले चाळावीत, वाशांना वाळवीचे औषध मारावे, पन्हळी साफ कराव्यात. दुरुस्ती एकही वर्ष चुकवू नये. चिऱ्याची भिंत पाणी पिऊ लागली की नंतर दहापट खर्च करूनही ती पूर्ववत होत नाही. उरलेल्या रकमेचा एक-पंचमांश भाग कुर्टी व फोंडा परिसरातील अनाथ आणि विधवांच्या मुलांच्या शिक्षणाच्या फीसाठी, जात-धर्म न पाहता, द्यावा. बाकीची रक्कम चार शाखांत समान वाटावी.

कलम 6. पहिला मुतवल्ली मी स्वतः, माझ्या पश्चात किंवा मी असमर्थ झाल्यास माझी पत्नी, आणि तिच्या पश्चात आमची थोरली मुलगी रेहाना. त्यानंतर सज्ञान लाभार्थींनी, दर शाखेस एक मत याप्रमाणे, बहुमताने आपल्यापैकी एकाला निवडावे. मते समान पडल्यास जी व्यक्ती घरात राहते तिला पसंती द्यावी. थोरला मुलगा म्हणून कोणी आपोआप मुतवल्ली होणार नाही आणि स्त्री म्हणून कोणी वगळली जाणार नाही. मुतवल्लीला मेहनताना नाही, मात्र प्रत्यक्ष खर्च पावतीसह मिळेल. त्याने दरवर्षी रमजानपूर्वी हिशेब चारही शाखांना लेखी पाठवावा आणि कायद्याने ठरलेल्या मुदतीत बोर्डाकडे सादर करावा. सलग दोन वर्षे हिशेब न दाखवणाऱ्या, भाडे परस्पर घेणाऱ्या किंवा घर तारण ठेवण्याचा प्रयत्न करणाऱ्या मुतवल्लीला तीन शाखांच्या लेखी ठरावाने दूर करता येईल, आणि तेवढ्याने न भागल्यास बोर्डाकडे वा वक्फ न्यायाधिकरणाकडे जाता येईल. वाद झाल्यास प्रथम चारही शाखांनी एकदा तरी याच घराच्या सोप्यावर समोरासमोर बसावे, अशी आमची अट आहे.

कलम 7. महामार्ग रुंदीकरण किंवा अन्य कारणाने मालमत्ता वा तिचा भाग सरकारने संपादन केल्यास भरपाईची रक्कम कोणी वाटून घेऊ नये. त्या रकमेतून फोंडा तालुक्यातच घर घ्यावे अथवा उरलेल्या जागेत बांधावे, आणि ते याच अटींवर याच वक्फाचे राहील. आग वा पडझड झाल्यासही हेच लागू आहे.

कलम 8. आमचा वंश पूर्णपणे खुंटल्यास सदर घर व त्याचे उत्पन्न गरीब विधवा व अनाथांच्या निवासासाठी आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी, मुसलमानी कायद्याला मान्य अशा रीतीने, कायमचे वापरले जावे.

कलम 9. मालक म्हणून असलेला आमचा कब्जा आजपासून संपला असून यापुढे मी मुतवल्ली म्हणूनच कब्जात आहे. या दस्ताची नोंदणी फोंडा येथील उपनिबंधकांकडे आणि वक्फाची नोंदणी गोव्यासाठी अधिकार असलेल्या वक्फ बोर्डाकडे करणे, तसेच उताऱ्यावर फेरफार करून घेणे ही जबाबदारी माझ्यावर आहे.

आम्ही खाली सह्या करणारी चारही मुले आणि आमचे पती व पत्नी यांनी हा दस्त मराठीत वाचून घेतला आणि समजून घेतला आहे. आसिफ शारजाहून याच कामासाठी आला असून समक्ष हजर आहे. हा वक्फ आम्हाला मान्य आहे. तसेच दुकान व बागेवरील आमचा वारसाहक्क आम्ही सोडलेला नाही.

लिहून देणार : (सही) शेख अब्दुल करीम शेख युसूफ, (सही) जैनब अब्दुल करीम शेख.

मान्यता देणार : (सही) रेहाना व पती सलीम, (सही) इक्बाल व पत्नी नसीम, (सही) शमीम, (सही) आसिफ व पत्नी फरहाना.

साक्षीदार : (सही) दत्ताराम गावडे, निवृत्त शिक्षक, कुर्टी, (सही) मेहबूब शेख, दुकानदार, फोंडा.