विषय: वेबसाइटमध्ये आढळलेल्या सुरक्षा-त्रुटी आणि आजच हवी असलेली परवानगी

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

नवीन पेमेंट पानाचे काम सुरू करण्याआधी जुना कोड वाचून घेईन, असे मी आपल्याला सांगितले होते. ते वाचन पूर्ण झाले असून त्यात काही गंभीर सुरक्षा-त्रुटी आढळल्या आहेत. त्यांपैकी एक आजच दूर करायला हवी, म्हणून सविस्तर अहवाल तयार होण्याची वाट न पाहता हा ईमेल पाठवत आहे.

वेबसाइटच्या मुख्य फोल्डरमध्ये `backup.sql` नावाची फाइल ठेवलेली असून, ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाइप करणाऱ्या कोणालाही ती पासवर्डशिवाय उतरवून घेता येते. ही संपूर्ण डेटाबेसची प्रत आहे. ग्राहकांची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक, ऑर्डरी आणि पासवर्ड असे सगळे तिच्यात आहे. अशी ठरावीक नावे एकामागून एक तपासत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम इंटरनेटवर अखंड चालू असतात, त्यामुळे ‘आपली वेबसाइट लहान, तिच्याकडे कोण बघणार’ हा विचार इथे उपयोगाचा नाही. पासवर्ड एमडी५ या जुन्या सांकेतिक रूपांतराच्या पद्धतीने आणि सॉल्ट, म्हणजे प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक मजकूर, न वापरता साठवलेले आहेत. ही पद्धत मुळातच वेगवान असल्याने एका साध्या ग्राफिक्स कार्डावरही सेकंदाला अब्जावधी अंदाज पडताळता येतात, आणि सोपे पासवर्ड काही क्षणांत उघडे पडतात.

ही फाइल कोणी उतरवून घेतली का, याचे खात्रीशीर उत्तर मिळणार नाही. सर्व्हरवरील नोंदी केवळ मागील १४ दिवसांच्या आहेत. त्यांत ही फाइल मागितल्याची नोंद नसली, तरी फाइल एक वर्षाहून जुनी आहे. त्यामुळे ती काढून टाकून भागणार नाही. तिच्यातील माहिती बाहेर गेली आहे असे गृहीत धरून सर्व पासवर्ड रद्द करावेत आणि ग्राहकांना तसे स्पष्ट शब्दांत कळवावे, असे माझे मत आहे. ग्राहकांना कळवणे आपल्याला अवघड वाटेल याची मला कल्पना आहे, पण अनेक जण तोच पासवर्ड इतरत्रही वापरत असल्यामुळे हे टाळणे योग्य होणार नाही.

दुसरी मोठी त्रुटी ऑर्डर दाखवणाऱ्या पानावर आहे. तिथला कोड असा आहे:

```php
$sql = "SELECT * FROM orders WHERE id = " . $_GET['id'];
```

पत्त्यात लिहिलेला मजकूर इथे कोणतीही तपासणी न होता थेट डेटाबेसच्या आज्ञेत जोडला जातो, त्यामुळे बाहेरची व्यक्ती तिथे स्वतःची आज्ञा घुसवून इतर तक्त्यांतील माहितीही वाचू शकते. शिवाय ऑर्डर त्याच ग्राहकाची आहे का, हे पान पाहतच नाही. लॉगिन केलेल्या ग्राहकाने पत्त्यातील क्रमांक एकाने वाढवला की दुसऱ्याचे बिल समोर येते. हे मी चाचणीसाठी घेतलेल्या प्रतीवर स्वतः तयार केलेल्या ऑर्डरी वापरून पडताळले आहे, चालू वेबसाइटवर नाही. या ओळीच्या वर ‘तात्पुरते, नंतर बदलणे’ अशी टीप आहे, म्हणजे आधीच्या विकसकांना याची जाणीव होती. बहुधा त्यांना पुरेसा वेळ मिळाला नसावा.

याखेरीज फोटो अपलोड करण्याच्या जागी पीएचपी फाइलही, म्हणजे वेबसाइट ज्या भाषेत लिहिली आहे त्या भाषेतील कोडही, स्वीकारली जाते आणि ती सर्व्हरवर चालवली जाते. आधीच्या विकसकांचे ॲडमिन खाते अजून सुरू आहे, आणि डेटाबेस व होस्टिंग या दोन्हींचा पासवर्ड एकच आहे. सर्व्हरवरील पीएचपी ७.४ ला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षा-दुरुस्त्या मिळालेल्या नाहीत. समाधानाची बाब एवढीच की कार्डाची माहिती पेमेंट गेटवेच्या पानावर भरली जाते आणि ती आपल्या डेटाबेसमध्ये कुठेही साठवलेली नाही.

आपण होकार दिलात, तर आजच ती फाइल सर्व्हरच्या खाजगी भागात हलवतो, जुने ॲडमिन खाते बंद करतो आणि डेटाबेस व होस्टिंगचे पासवर्ड बदलतो. या वेळी वेबसाइट काही मिनिटे बंद राहील. त्यानंतर ऑर्डरचे पान, अपलोड आणि पासवर्ड साठवण्याची पद्धत दुरुस्त करण्यास साधारण एक आठवडा लागेल. पीएचपीची नवी आवृत्ती बसवताना काही जुनी पाने मोडण्याची शक्यता आहे, म्हणून ते काम आधी चाचणी-प्रतीवर करावे लागेल. ही कामे आपल्या मूळ करारात नाहीत. आठवडाभराच्या दुरुस्तीचे वेगळे अंदाजपत्रक उद्या पाठवतो, मात्र आजच्या तातडीच्या कामाचे शुल्क घेणार नाही. हे सर्व पूर्ण होईपर्यंत नवीन पेमेंट पान सुरू करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

परवानगी याच ईमेलच्या उत्तरात द्यावी. नवे पासवर्ड मी फोनवर सांगेन, ईमेलने पाठवणार नाही. त्रुटी दूर होईपर्यंत कृपया हा ईमेल कोणालाही पुढे पाठवू नये.

आपला विश्वासू,
संदीप