दिवाळी कॅम्पेनचा हिशेब: व्हिडिओमुळे किती, सणामुळे किती

आण्णांसाठी आणि हिशेब बघणाऱ्या वहिनींसाठी
कोल्हापूर, १० नोव्हेंबर २०२५

आपल्या चपलांच्या ऑनलाइन जाहिराती बघणाऱ्या एजन्सीच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर 'ऑर्डरींत ७० टक्के वाढ' असं मोठ्या अक्षरांत होतं. आकडा खरा आहे. नवा व्हिडिओ चालवला त्या जिल्ह्यांत आधीच्या सहा आठवड्यांत ५४० ऑर्डरी होत्या, नंतरच्या सहा आठवड्यांत ९१८ झाल्या. पण व्हिडिओ सुरू झाला २२ सप्टेंबरला. त्याच दिवशी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून अडीच हजारांपर्यंतच्या चपलांवरचा जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी हजारापर्यंत १२ आणि त्यावर १८ टक्के होता, आणि कमी झालेला कर आपण किमतीतून लगेच उतरवला. शिवाय जाहिरातीचं रोजचं बजेट सगळीकडे ४० टक्क्यांनी वाढवलं. एवढं सगळं एकाच सोमवारी झाल्यावर ७० टक्क्यांचं श्रेय एकट्या व्हिडिओला कसं द्यायचं?

'आधी'चा काळही साधा नव्हता. ११ ऑगस्ट ते २१ सप्टेंबरमधले शेवटचे दोन आठवडे पितृपक्षाचे. पक्षात नवी चप्पल घेणारं गिऱ्हाईक विरळच, म्हणजे तुलनेचा पायाच खाली गेलेला. जून-जुलै मुद्दाम धरला नाही, कारण मिलानच्या रॅम्पवर आपल्यासारख्या चपला दिसल्यानंतर जी चौकशी उसळली होती, ती गणितात नको होती.

तुलना कशी केली

व्हिडिओ (वेणी घालणारे हात, चपलेची करकर, मराठी आवाज) पुणे, सातारा, सोलापूर इथेच लावला. नाशिक, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर इथे जुन्या फोटोंच्याच जाहिराती ठेवल्या. सण, जीएसटी, बजेट दोन्हीकडे सारखं. कोल्हापूर आणि सांगली दोन्ही गटांतून वगळले. नवरात्रात अंबाबाईला आलेला माणूस चप्पल लाईनला येऊन पायात घालूनच घेतो, त्याच्यावर ऑनलाइनचा हिशेब बसत नाही. ऑर्डर कुठली ते डिलिव्हरीच्या पिनकोडवरून ठरवलं.

| आठवडा | व्हिडिओ गट | फोटो गट |
|---|---|---|
| ११ ऑगस्ट | ८४ | ६२ |
| १८ ऑगस्ट | ९८ | ७३ |
| २५ ऑगस्ट (गणपती) | ११८ | ८६ |
| १ सप्टेंबर | १०४ | ७९ |
| ८ सप्टेंबर (पितृपक्ष) | ७२ | ५३ |
| १५ सप्टेंबर (पितृपक्ष) | ६४ | ४७ |
| आधी एकूण | ५४० | ४०० |
| २२ सप्टेंबर (घटस्थापना) | १४८ | १०५ |
| २९ सप्टेंबर (दसरा) | १९० | १२८ |
| ६ ऑक्टोबर | १६२ | १०५ |
| १३ ऑक्टोबर | २३६ | १५० |
| २० ऑक्टोबर (दिवाळी) | १०४ | ६४ |
| २७ ऑक्टोबर | ७८ | ४८ |
| नंतर एकूण | ९१८ | ६०० |

फोटो गटात व्हिडिओ न लावताही ४०० च्या ६०० झाल्या, म्हणजे ५० टक्के वाढ. व्हिडिओ लावला नसता तर पुण्याकडचा गटही साधारण तेवढाच वाढला असता असं धरलं, तर ५४० च्या ८१० झाल्या असत्या. झाल्या ९१८. वरच्या १०८ ऑर्डरींपुरताच व्हिडिओचा विचार करायचा.

'आपल्या ३७८ वाढल्या, त्यांच्या २००, मग फरक १७८ की' असं वहिनी म्हणाल्या. गट सारख्या आकाराचे असते तर ते चाललं असतं. पण व्हिडिओ गट मुळात मोठा आहे. सणाची भर ही असलेल्या धंद्याच्या पटीत येते, सगळीकडे सारख्या नगांनी येत नाही. म्हणून टक्क्यांनी मोजलं.

त्या १०८ मधून अजून काय वजा होतं

ऑक्टोबरात पुण्याच्या प्रदर्शनात आपला तीन दिवस स्टॉल होता. तिथे वाटलेल्या कूपनवर पुण्यातून ३१ ऑर्डरी आल्या. त्या व्हिडिओच्या नव्हेत, हातात चप्पल घेऊन बघितलेल्या माणसांच्या. त्या काढल्या की ८८७ उरतात आणि जादा ऑर्डरी ७७, म्हणजे अपेक्षेपेक्षा साडेनऊ टक्के. पुणे जिल्हा पूर्ण वगळून पाहिलं तरी साताऱ्या-सोलापुरात २१० च्या ३४० झाल्या. अपेक्षा ३१५ ची होती, म्हणजे ८ टक्के जास्त. दोन्ही उत्तरं जवळपास आहेत, हे बरं लक्षण.

उलट बाजूनेही थोडी गळती आहे. पुण्यात व्हिडिओ बघून दिवाळीला नाशिकच्या घरी जोड मागवणारी मुलं फोटो गटात मोजली गेली. त्यांची संख्या काढायला आपल्याकडे साधन नाही, पण ती मोठी असेल असं वाटत नाही.

दोन्ही गट मुळात एकसारखे चालतात का?

सगळं गणित या एका गृहीतकावर उभं आहे, म्हणून ते दोन प्रकारे तपासलं. बदलाआधीच्याच सहा आठवड्यांचे दोन तुकडे केले: व्हिडिओ गट ३०० वरून २४० वर आला, फोटो गट २२१ वरून १७९ वर. दोघंही जवळजवळ सारखेच पडले. गणपतीत दोघं चढले, पक्षात दोघं उतरले.

दुसरं, मागच्या वर्षीचा सण. तारखेला तारीख लावून उपयोग नव्हता. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, यंदा २१ ऑक्टोबरला. म्हणून घटस्थापनेपासून मागे-पुढे सहा आठवडे मोजले. तेव्हा दोन्हीकडे फोटोच होते. पुण्याकडचा गट ३१० वरून ४६२ वर गेला, नाशिककडचा २३६ वरून ३४५ वर. वाढ ४९ आणि ४६ टक्के. पुण्याकडचा गट सणात स्वतःहूनच जरा जास्त उसळतो, सुमारे २ टक्के. तेवढंही साडेनऊतून मनात वजा धरा.

आता खरी अडचण

आकडे लहान आहेत. एवढ्याशा ऑर्डरींत आठवड्याला पाच-दहा इकडे-तिकडे नशिबानेही होतात. तो डळमळीतपणा धरून हिशेब केला तर व्हिडिओचा परिणाम अंदाजे उणे ७ ते अधिक २९ टक्के यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. शून्य त्याच्या आतच बसतं. म्हणजे फायदा झालेला दिसतो, पण तो सिद्ध झालाय असं मी सही करून देणार नाही. व्हिडिओ गटाचं पारडं पहिले पाच आठवडे थोडंथोडं जड होत गेलंय, ही बाब मला आशादायक वाटते. पण शेवटच्या दोन आठवड्यांत ऑर्डरीच इतक्या कमी आहेत की त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पैशात बघू. एका ऑर्डरीमागे आपल्याला सरासरी ४२० रुपये सुटतात. ७७ ऑर्डरींचे ३२,३४० रुपये होतात, आणि व्हिडिओ बनवायला ४८,००० गेले. एजन्सीच्या हिशेबाने ३७८ ऑर्डरी धरल्या तर हेच १,५८,७६० दिसतात. त्यावरच त्यांनी राज्यभर व्हिडिओ चालवायला महिना २५,००० जादा मागितले आहेत.

माझं म्हणणं

जादा पैसे आत्ता कबूल करू नयेत. व्हिडिओ बंदही करू नये, तो बनवून झालाय आणि त्यामुळे ऑर्डरी घटल्याचं कुठे दिसत नाही. ५ जानेवारी ते १ मार्च गटांची अदलाबदल करू: नाशिककडे व्हिडिओ, पुण्याकडे परत फोटो. तेव्हा दसरा-दिवाळी नाही, आणि संक्रांत दोन्हीकडे सारखीच येते. या काळात बजेट, किंमत, कूपन काहीही एकाच गटात बदलायचं नाही, स्टॉल लावायचा तर आधी मला सांगायचं. तेव्हा जर नाशिककडचं पारडं जड झालं तर व्हिडिओचं काम मानू आणि दोन्ही फेऱ्यांचे आकडे एकत्र करून एजन्सीशी दराचं बोलू.

एजन्सीला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय. आण्णांनी गुरुवारी दुकान बंद करताना हो-नाही सांगितलं तरी चालेल, एजन्सीला निरोप मी देईन.