वर्गात बसायला जागा द्या, मग हजेरी मोजा

दि. १९ सप्टेंबर

प्रति,
मा. संपादक,
वाचकपत्रे विभाग

विषय : शासकीय महाविद्यालयांतील अपुरे वर्ग आणि रिक्त प्राध्यापक-पदे

महोदय,

‘विद्यार्थी वर्गात का दिसत नाहीत?’ हे एका निवृत्त प्राध्यापकांचं पत्र आपण गेल्या रविवारी छापलंत. मोबाईल, खासगी क्लास आणि शिस्तीचा अभाव अशी तीन कारणं सरांनी दिली आहेत, आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम काटेकोरपणे पाळावा असं सुचवलं आहे. सरांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या पत्रात बाक, खोली, प्राध्यापक यांतला एकही शब्द नाही. ती बाजू मी मांडते.

मी विदर्भातल्या एका शासकीय महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या ओळखीचे जे जे शासकीय महाविद्यालयात शिकतात, त्यांच्याकडेही कमीजास्त फरकाने हेच आहे. त्यामुळे एका प्राचार्यांकडे बोट दाखवून काही साधणार नाही.

आमच्या तुकडीच्या हजेरीपटावर १५४ नावं आहेत. खोलीत ३४ बाकं. एका बाकावर तिघं बसले तर १०२ जण मावतात, म्हणून चौघं बसतात, आणि चौथ्याची वही मांडीवर असते. उरलेले शेजारच्या खोलीतून खुर्च्या ओढून आणतात, आणि त्या खोलीचा वर्ग सुरू झाला की परत नेऊन देतात. माईक नाही. मागच्या चार रांगांना फळा दिसतो, पण समीकरणातली खालची छोटी अक्षरं दिसत नाहीत. रसायनशास्त्रात तीच महत्त्वाची असतात. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासातली दहा-बारा मिनिटं नुसत्या हजेरीत जातात. म्हणजे हजेरीचा नियम जेवढा काटेकोर, तेवढं शिकवणं कमी.

सर लिहितात, मुलं ऑगस्टनंतर गळायला लागतात. निरीक्षण बरोबर आहे. ऑगस्टपर्यंत काय होतं तेही सांगते. आमच्या विभागात प्राध्यापकांची मंजूर पदं नऊ आहेत, भरलेली चार. त्या चौघांपैकी एक प्रभारी प्राचार्य आहेत. दुसऱ्या मॅडमकडे परीक्षा विभाग आणि महाविद्यालयाचा दर्जा तपासणाऱ्या नॅकचं काम आहे, त्यामुळे त्या वर्गावर येतात तेव्हा हातात फाईल असते आणि फोन वाजत असतो. राहिले दोघं. बाकीचे तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकांनी घ्यायचे असतात. पण त्यांच्या नेमणुका दरवर्षी नव्याने होतात. मंजुरी, जाहिरात, मुलाखती, आदेश हे सगळं उरकेपर्यंत यंदा ऑगस्ट संपला. सत्र जूनच्या शेवटी सुरू झालं होतं आणि परीक्षा नोव्हेंबरात आहे. दोन क्रेडिटच्या पेपरला तीस तास शिकवणं अपेक्षित असतं. आमच्या एका पेपरचा पहिला तास गणपती बसल्यानंतर झाला. एवढे दिवस त्या तासाला मुलं येत होती, दहा मिनिटं वाट पाहत होती आणि जात होती. त्यातली काही मग यायचीच थांबली. त्यांना बेशिस्त म्हणायचं असेल तर म्हणा.

माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली एसटीने येतात. सकाळची पहिली बस पकडायला साडेपाचला उठायचं, आणि इथे येऊन फलकावर ‘आज तास होणार नाही’ असं वाचायचं. घरचे विचारतात, रोज जातेस तर शिकतेस काय? शेतीची कामं ऐन भरात असताना हा प्रश्न नुसता चौकशीचा राहत नाही. एका मैत्रिणीने शेवटी आठवड्यातून तीनच दिवस यायला सुरुवात केली. तिची हजेरी आता बासष्ट टक्के आहे, तिचं नाव कमी हजेरीच्या यादीत लागलं आहे, आणि शिष्यवृत्तीच्या कागदावर सही मिळेल की नाही ही तिला चिंता आहे. जे तास झालेच नाहीत त्यांची टक्केवारी कोणी काढत नाही.

प्रयोगशाळेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण विज्ञान शाखेचं खरं नुकसान तिथे होतं आणि ते बाहेरून दिसत नाही. प्रात्यक्षिकाची बॅच वीसच्या आसपास असावी अशी रीत आहे. आमची अडतीसची आहे. चौघांत एक ब्युरेट. एक जण टायट्रेशन करतो, दुसरा फ्लास्क हलवतो आणि दोघं जर्नलमध्ये रीडिंग उतरवतात. पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या असं ठरतं, पण पुढच्या आठवड्यात बॅचचा तासच लागत नाही. गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला आला हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. ते न पाहता जर्नल पूर्ण झालेली, सही-शिक्क्यानिशी तपासलेली मुलं आमच्याकडे भरपूर आहेत. प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आता द्रावणं आमचे सर स्वतः तयार करतात आणि काचसामान आम्ही धुतो. धुण्याबद्दल तक्रार नाही, तेही शिक्षणच आहे. पण दोन तासांच्या प्रात्यक्षिकातला अर्धा तास त्यात जातो.

सीएचबीवरच्या शिक्षकांविषयी कोणी वाईट बोललं की मला राग येतो. आम्हाला भौतिक रसायनशास्त्र शिकवणारे सर प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा उत्तीर्ण आहेत, पीएच.डी. आहेत. सकाळी आमच्याकडे आणि दुपारी तालुक्याच्या दुसऱ्या महाविद्यालयात तास घेतात, मधलं अंतर दुचाकीवर. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. सुट्टी आली, परीक्षा आली, मोर्चामुळे कॉलेज बंद राहिलं की त्या दिवसाचे पैसे नाहीत. जे मिळायचे तेही वेळेवर येत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे दर सुचवले होते. आमच्या सरांना हा आकडा सांगितला तर ते नुसते हसतात. मागच्या वर्षी गणित शिकवणारे शिक्षक सत्राच्या मध्यात एका खासगी क्लासमध्ये गेले. आम्ही त्यांना दोष दिला नाही. गंमत एवढीच की आता आमच्यातली काही मुलं पैसे भरून त्याच क्लासला त्यांच्याकडे शिकायला जातात. सरांनी पत्रात ज्या खासगी क्लासचा उल्लेख केला, तो क्लास हा.

त्यात नवं शैक्षणिक धोरण आलं. कागदावर ते मला आवडतं, हे आधीच सांगते. मुख्य विषयासोबत मायनर, दुसऱ्या शाखेतला एक खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञान प्रणाली. पण विषय वाढले तेव्हा शिक्षक वाढले नाहीत. खुल्या विषयासाठी मला इतिहास घ्यायचा होता. यादीत इतिहास होता, शिकवायला कोणी नव्हतं. त्यामुळे सगळ्या तुकडीला एकच विषय मिळाला आणि त्यालाच ‘निवड’ म्हणायचं. भाषेच्या तासाला विज्ञान आणि कला दोन्ही शाखा एकत्र करून सभागृहात बसवतात. तिथे तीनशेच्या पुढे मुलं असतात. सभागृहात कुणाचा कार्यक्रम असेल तर तास नसतो, आणि आमच्या सभागृहात कार्यक्रम बरेच असतात.

ही पदं का भरली जात नाहीत हे मी कार्यालयात विचारलं. तिथले काका म्हणाले, “बेटा, जागा मंजूर आहे, माणूस मंजूर नाही.” शासकीय महाविद्यालयांतले सहायक प्राध्यापक लोकसेवा आयोगामार्फत नेमले जातात. मागणीपत्र, जाहिरात, चाळणी, मुलाखत यांत वर्षं जातात, आणि तेवढ्यात आणखी काही जण निवृत्त झालेले असतात. मे २०२० मध्ये करोनामुळे राज्य शासनाने नव्या भरतीवर निर्बंध घातले. तेव्हाची अडचण समजू शकते. पण रखडणं करोनाने सुरू केलेलं नाही. अनुदानित महाविद्यालयांचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापक-पदं भरायला परवानगी मिळाली, ती १ ऑक्टोबर २०१७ च्या रिक्त जागांचा हिशेब करून, आणि त्याही सगळ्या नव्हे, सुमारे चाळीस टक्के. त्यातली २,०८८ पदं भरायची राहिली आणि त्यांना २०२१ मध्ये पुन्हा परवानगी द्यावी लागली. २०१७ साली मी शाळेत होते. दरम्यान प्रवेशाच्या जागा मात्र वाढल्या. त्या वाढवायला एका पत्राने मंजुरी मिळते, कारण त्यात शासनाचा खर्च लगेच होत नाही.

जागा वाढवू नयेत असं मी म्हणत नाही. त्या वाढल्या नसत्या तर माझ्या गावातल्या निम्म्या मुली बारावीनंतर घरीच राहिल्या असत्या. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयाची फी आम्हाला परवडत नाही. म्हणून तर शासकीय महाविद्यालयाबद्दल इतकं पोटतिडकीने लिहिते आहे.

मागणी मोठी नाही. पूर्ण भरती उद्याच होणार नाही हे आम्हालाही कळतं. पण सीएचबीच्या नेमणुकांची प्रक्रिया मे महिन्यात संपवून सत्राच्या पहिल्या दिवशी शिक्षक वर्गावर आणता येतात. त्यासाठी नवा पैसा लागत नाही, फाईल दोन महिने आधी हलवावी लागते. नेमणूक एका सत्राऐवजी पूर्ण शैक्षणिक वर्षाची करावी आणि मानधन दरमहा द्यावं. प्रात्यक्षिकाच्या बॅचची संख्या विद्यापीठाच्या तपासणी समितीने प्रत्यक्ष वर्गावर येऊन मोजावी, आधी कळवून नव्हे.

आणि एक गोष्ट प्रत्येक महाविद्यालयाला आजच करता येईल. जिथे विद्यार्थ्यांच्या कमी हजेरीची यादी लावतात, त्याच फलकावर विभागवार मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि या महिन्यात वेळापत्रकातले किती तास प्रत्यक्ष झाले हेही लावावं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ सार्वजनिक संस्थांनी आपली माहिती स्वतःहून जाहीर करावी असं सांगतंच. मग पालकांना बोलावून घेऊन मुलगी तासाला का येत नाही असं विचारलं जाईल, तेव्हा त्यांनाही फलकाकडे पाहून चार प्रश्न विचारता येतील.

पत्र लिहिणाऱ्या सरांनी एकदा आमच्या महाविद्यालयात यावं अशी विनंती आहे. सोमवारी सकाळी साडेअकराचा तास बघावा, त्या तासाला सगळ्यात जास्त गर्दी असते. त्यांच्यासाठी खुर्ची आम्ही शेजारच्या खोलीतून आणू.

माझं नाव आणि महाविद्यालयाचा तपशील आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण अजून लागायचे आहेत, म्हणून ते छापू नये ही विनंती.

आपली विश्वासू,
बी.एस्सी. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी
विदर्भ