सूचना: आजारपणाची रजा, डॉक्टरांचा दाखला आणि तुमची खाजगी माहिती

कार्मिक विभाग, डाळ मिल, एमआयडीसी, जळगाव
दि. १६ मार्च २०२६

सर्व कामगार, कर्मचारी, मुकादम व खातेप्रमुख यांच्यासाठी. १ एप्रिल २०२६ पासून लागू.

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याला रजेचा पुरावा म्हणून तपासणीचा रिपोर्ट खात्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लावले गेले. चूक आपल्याच माणसांची होती. त्यांची माफी मागितली, फोटो काढून टाकला. पण तोवर तो किती मोबाइलमध्ये उतरला, कोण सांगणार? यापुढे रिपोर्ट, चिठ्ठी, औषधांचे फोटो ग्रुपवर मागायचे नाहीत आणि कोणी मागितले तरी टाकायचे नाहीत.

आजारी पडल्यास पाळी सुरू होण्याआधी मुकादमांना किंवा कार्यालयात फोन करा. घरच्यांनी केला तरी चालेल. “बरं नाही, आज येत नाही” एवढे पुरे. काय झाले, हे विचारायचे नाही. मुकादमांना सांगणे अवघड वाटत असेल, तर थेट कार्यालयातल्या ताईंशी बोला.

सलग दोन दिवसांपर्यंतच्या रजेला दाखला लागत नाही. वैशाखातल्या उन्हात चक्कर आली, उलट्या झाल्या, तर दीडशे रुपये मोडून नुसत्या कागदासाठी दवाखान्यात जावे, असे आम्हाला वाटत नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र दाखला हवा. मध्ये साप्ताहिक सुट्टी आली तर ती या मोजणीत धरली जाणार नाही. आखाजी किंवा कानबाईच्या रोटांना जोडून कोणी आजारी पडले, म्हणून लगेच संशय घेऊ नये. आजार पंचांग बघून येत नाही. तीन महिन्यांत तीनदा असे घडले, तर पुढच्या वेळी एका दिवसालाही दाखला मागू, आणि तसे आधी लेखी कळवू.

दाखल्यावर डॉक्टरांचे नाव, नोंदणी क्रमांक, सही-शिक्का, तपासल्याची तारीख आणि किती दिवस विश्रांती हवी, एवढे असावे. आजाराचे नाव आम्हाला नको. ते लिहिलेले असेल तर खाडाखोड करू नका, बंद पाकिटात द्या. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरांचा दाखला चालेल. गावात डॉक्टर नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा सिव्हिलचा तारीख असलेला केस पेपर घेऊ. कामावर परतल्यापासून तीन दिवसांत कागद जमा करा. पैसे देऊन कोरा दाखला आणणाऱ्यांनी मात्र एवढे ध्यानात ठेवावे, की नोंदणी क्रमांक पडताळता येतो.

ज्यांना ई.एस.आय. लागू आहे, त्यांनी कंपनीच्या सात दिवसांच्या पगारी रजेनंतर ई.एस.आय.च्या डॉक्टरांचाच दाखला घ्यावा. भत्ता त्यावरच मिळतो. पात्र कामगाराला हा भत्ता सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मिळतो. एकाच दिवसाचा पगार आणि भत्ता दोन्ही घेता येत नाहीत.

ऑपरेशन झाले, दवाखान्यात भरती व्हावे लागले किंवा रजा सात दिवसांपेक्षा जास्त झाली, तर परत येताना फिटनेसचा दाखला लागेल. निवड आणि पॅकिंगमधल्यांसाठी आणखी एक गोष्ट. आपला माल लोकांच्या ताटात जातो. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे संसर्गजन्य आजार असताना अन्न हाताळता येत नाही. कावीळ, टायफॉइड, जुलाब किंवा हातावर चिघळलेली जखम असेल, तर कितीही कमी दिवसांची रजा असो, “अन्न हाताळण्यास योग्य” एवढ्या शब्दांचा दाखला आणा. तोवर गोदामात किंवा कार्यालयात काम देता आले तर देऊ. आजार कोणता होता, हे तिथेही लिहायची गरज नाही.

तुमचा कागद फक्त कार्मिक विभागातली रजेची नोंद ठेवणारी व्यक्ती पाहील. तो कुलपाच्या कपाटात राहील, तीन वर्षांनी फाडून नष्ट केला जाईल. हजेरीपटावर “आजारपणाची रजा” इतकेच लिहिले जाईल. मुकादमांना दोनच गोष्टी कळतील: किती दिवस रजा, आणि परतल्यावर काही बंधन आहे का, जसे “महिनाभर पोती उचलू नयेत”. दाखल्याबद्दल शंका आली तर तुमची लेखी संमती घेऊन डॉक्टरांना एकच प्रश्न विचारू: हा दाखला तुम्ही दिला का?

एचआयव्हीबाबत माहिती उघड करण्याची सक्ती करता येत नाही. २०१७ च्या कायद्याने तसे संरक्षण दिले आहे. मानसिक आजाराच्या उपचारांची गोपनीयताही त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने जपली आहे. अशा गोष्टी चहाच्या टपरीवर चघळणाऱ्यावर, मग तो खातेप्रमुख का असेना, शिस्तभंगाची कारवाई होईल.

तक्रार असल्यास कार्मिक व्यवस्थापकांना समक्ष भेटा. त्यांच्याबद्दलच तक्रार असेल, तर गेटजवळच्या पेटीत मालकांच्या नावे चिठ्ठी टाका. पेटीची किल्ली मालकांकडेच असते.

व्यवस्थापक, कार्मिक विभाग

प्रत: सूचना फलक, गेट कार्यालय, सर्व मुकादम. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना मुकादमांनी सोमवारी पाळी बदलताना वाचून दाखवावी.