वार्षिक सभेची नोटीस, ग्रुपसाठी

काका, नमस्कार.

नोटिशीचा व्हॉट्सॲप मेसेज तयार झाला. आधी तुमची मूळ नोटीस जशीच्या तशी टाइप केली आहे आणि तिच्याखाली मेसेज, म्हणजे तुम्हाला ओळीला ओळ लावून ताडून बघता येईल.

यंदा नोटिशीचा फोटो टाकू नका, ही माझी मनापासून विनंती. मागच्या वर्षी फोटोच टाकला होता. सभेला सतरा जण आले आणि आपण अर्धा तास जिन्याकडे बघत बसलो. दोन दिवसांनी बी-204 मधल्या आजी लिफ्टमध्ये भेटल्या. "अगं, मला कुणी कळवलंच नाही," म्हणाल्या. त्यांना आता दिसत नाही, फोनच त्यांना मेसेज वाचून दाखवतो. आपल्या फोटोपाशी आल्यावर तो नुसता "फोटो" म्हणाला आणि पुढे गेला. दर वर्षी हिशेबाची प्रत मागून घेणाऱ्या, खर्चाच्या बाबी एकेक करून विचारणाऱ्या आजी, आणि त्याच सभेला नव्हत्या.

*मूळ नोटीस*

जा. क्र. 14/2025-26. दिनांक 26 ऑगस्ट 2025.

सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दिनांक 14 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी ठीक 10.00 वाजता ए विंगच्या गच्चीवर खालील विषयांवर विचारविनिमय करण्यासाठी आयोजित करण्यात आलेली असून, सर्व सभासदांनी वेळेवर उपस्थित राहावे ही विनंती. विषय : मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सन 2024-25 चा वार्षिक अहवाल, ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक विचारात घेऊन मंजूर करणे, लेखापरीक्षण अहवाल व दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणे, सन 2025-26 करिता लेखापरीक्षकाची नेमणूक करणे, सन 2025-26 चे अंदाजपत्रक मंजूर करणे, दोन्ही विंगच्या गच्च्यांचे जलरोधक काम करणेबाबत प्राप्त झालेल्या तीन दरपत्रकांवर विचार करून, सुमारे रुपये 4,80,000 इतक्या खर्चास मंजुरी देणे व त्यापैकी रुपये 2,00,000 दुरुस्ती निधीतून आणि उर्वरित रक्कम 56 सदनिकाधारकांकडून प्रत्येकी रुपये 5,000 याप्रमाणे वर्गणीद्वारे उभी करणेबाबत निर्णय घेणे, मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय.

हिशेबपत्रकांच्या प्रती दिनांक 1 सप्टेंबरपासून संस्थेच्या कार्यालयात सायंकाळी 7 ते 9 या वेळेत पाहावयास मिळतील. ज्या सभासदांना हिशेबासंबंधी प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी ते दिनांक 10 सप्टेंबरपर्यंत लेखी द्यावेत. सभेस प्रॉक्सी, मुखत्यारपत्रधारक अथवा अधिकारपत्रधारक यांस उपस्थित राहता येणार नाही. मूळ सभासदाच्या अनुपस्थितीत सहयोगी सभासदाने मूळ सभासदाची लेखी संमती सोबत आणावी. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी सकाळी 11.00 वाजता त्याच ठिकाणी घेण्यात येईल व अशा सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.

व्यवस्थापन समितीच्या आदेशावरून, सचिव.

*मेसेज पहिला*

🔔 *वार्षिक सर्वसाधारण सभा*
*रविवार, 14 सप्टेंबर 2025, सकाळी 10 वाजता*
ठिकाण: ~ए विंगची गच्ची~ *बी विंगचं पार्किंग*
_पावसाचे दिवस आहेत म्हणून जागा बदलली आहे. खुर्च्यांची सोय आहे, जिना चढावा लागणार नाही._

*सभेआधी तुम्ही काय करायचं*
- *1 सप्टेंबरपासून:* हिशेबाच्या प्रती ऑफिसमध्ये संध्याकाळी 7 ते 9 बघायला मिळतील
- *10 सप्टेंबरपर्यंत:* हिशेबाबद्दल काही विचारायचं असेल तर ऑफिसमध्ये लेखी द्या किंवा सोसायटीच्या नेहमीच्या ईमेलवर पाठवा. ईमेलच्या विषयात आपला फ्लॅट नंबर असा लिहा: `A-302 AGM`
- *14 तारखेला सकाळी 8 पर्यंत:* बी विंगच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून ठेवा

*कोण येऊ शकतं*
- सभासद स्वतः
- सभासद येऊ शकत नसतील तर सहयोगी सभासद, पण _सभासदांची लेखी संमती सोबत हवी_
- प्रॉक्सी, मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन येणाऱ्यांना *बसता येणार नाही*

*20 सभासद हवेत.* तेवढे जमले नाहीत तर काय, ते नोटिशीतच दिलं आहे:
> गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी सकाळी 11.00 वाजता त्याच ठिकाणी घेण्यात येईल व अशा सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.

म्हणजे 11 वाजता जेवढे हजर असतील तेवढ्यांनी घेतलेले निर्णय सगळ्यांना लागू होतील. *10 लाच या.*

_सभेचे विषय पुढच्या मेसेजमध्ये आहेत. सही-शिक्क्याची नोटीस फळ्यावर लावली आहे आणि घरोघरी दिली आहे. अधिकृत नोटीस तीच._

*मेसेज दुसरा*

📋 *14 सप्टेंबरच्या सभेचे विषय*

1. मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं
2. 2024-25 चा वार्षिक अहवाल, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक मंजूर करणं
3. लेखापरीक्षण अहवाल आणि दोषदुरुस्ती अहवालाची नोंद घेणं
4. 2025-26 साठी लेखापरीक्षक नेमणं
5. 2025-26 चं अंदाजपत्रक मंजूर करणं
6. *दोन्ही गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग: खर्च आणि वर्गणी*
7. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय

*विषय 6 नीट वाचा, यात प्रत्येक घराच्या पैशाचा प्रश्न आहे*
- तीन दरपत्रकं आली आहेत, तिन्ही ऑफिसमध्ये बघायला ठेवली आहेत
- अंदाजे खर्च: *4,80,000 रुपये*
- दुरुस्ती निधीतून: 2,00,000 रुपये
- 56 फ्लॅटकडून प्रत्येकी *5,000 रुपये*: 2,80,000 रुपये

_वर्गणी अजून ठरलेली नाही. सभेने ठराव केला तरच द्यावी लागेल, तोपर्यंत कुणीही पैसे भरू नयेत._

*— सचिव, व्यवस्थापन समितीच्या वतीने*

मेसेज इथे संपला. काका, आता थोडं कशाला काय केलं ते.

एकाच मेसेजमध्ये सगळं कोंबलं असतं तर ग्रुपवर तो अर्धाच दिसला असता आणि खाली "अजून वाचा" आलं असतं. त्यावर किती जण बोट ठेवतात ते आपण बघतोच. म्हणून तारीख, वेळ आणि जागा पहिल्या तीन ओळींत घेतली आणि विषय वेगळे पाठवले. विषयांचे क्रमांक नोटिशीतल्याच क्रमाने आहेत, सभेत "विषय सहा" म्हटलं की सगळ्यांना एकच कळावं.

पहिल्या खर्ड्यात मी जवळजवळ प्रत्येक ओळ ठळक केली होती. वाचून बघितलं तर काहीच उठून दिसेना, मग निम्मे तारे काढून टाकले. आता ठळक आहे ती तारीख, वेळ, जागा, गणसंख्या, पैसा, "बसता येणार नाही", मथळे आणि शेवटची सचिवांची ओळ. तिरप्या अक्षरात फक्त खुलासे घेतलेत. देवनागरीत तिरपं अक्षर तसं फारसं नजरेत भरत नाही, त्यामुळे ज्यावरून उद्या वाद होऊ शकतो असं काहीही केवळ तिरपं करून सोडलेलं नाही. वर्गणीचा खुलासा तिरपा आहे खरा, पण त्याच्या डोक्यावरचा मथळा ठळक आहे.

गच्चीवरची काट मुद्दाम ठेवली आहे. नुसतं "पार्किंग" लिहिलं असतं तर ज्यांनी कागद वाचलाय ते गच्चीवर जाऊन उभे राहिले असते. पण हा बदल फळ्यावरच्या नोटिशीतही तुमच्या सहीने व्हायला हवा आणि घरोघरी शुद्धिपत्रही जायला हवं. मेसेजमध्ये एक जागा आणि कागदावर दुसरी, असं राहायला नको.

गणसंख्येचं वाक्य मात्र मी सोपं केलं नाही. ते उपविधींच्या भाषेतलं आहे, शब्द हलला की अर्थ हलतो. म्हणून ते तसंच उद्धृत केलं आणि खाली साध्या भाषेत लिहिलं. 20 चा आकडा नोटिशीत नव्हता, तो मी घातला: एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जो कमी तो. आपण 56, म्हणजे 20. गाड्या काढण्याची ओळ, ईमेल आणि पैसे न भरण्याची सूचनाही माझीच आहे, नको असेल तर खोडा.

पाठवताना मेसेज इथूनच कॉपी करा, पुन्हा टाइप करू नका. तारा आणि अक्षर यांच्यात एक जागा जरी सुटली तरी ठळक होत नाही आणि तारे तसेच उघडे दिसतात. ठळक मजकूर दोन ओळींवर गेला तर प्रत्येक ओळीला स्वतःचे तारे लागतात, म्हणून वरच्या दोन ओळींना वेगवेगळे दिलेत. आणि "- " मधली रिकामी जागा काढू नका, तिच्यामुळेच यादीचे ठिपके येतात. तरी काही चुकलंच तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो, डिलीट करून परत पाठवायची गरज नाही.

पहिला मेसेज तीस दिवसांसाठी पिन करा. गणपतीत ग्रुपवर आरतीचे फोटो आणि शुभेच्छांचा पूर येईल, त्यात तो वाहून जायला नको.

आजींच्या फोनवर मी दोन्ही मेसेज आजच पाठवून ऐकवले. फोनने तारखेपासून सचिवांपर्यंत सगळं वाचलं. विषय 6 त्यांनी दोनदा ऐकला आणि विचारलं, तीन दरपत्रकांत हमी किती वर्षांची आहे? ते आपल्या नोटिशीत नाही. तुमच्याकडच्या कागदांवर असेल तर तेवढे तीन आकडे मला कळवा, विषय 6 खाली एक ओळ वाढवते आणि मग रात्री नऊच्या आत ग्रुपवर टाकू.