पचनसंस्था: सराव प्रश्नपत्रिका
इयत्ता सातवी, विज्ञान (मराठी माध्यम), तालुका खानापूर
गुण २५, वेळ ४५ मिनिटे

घाई करू नका. पाठ केलेली यादी उतरवण्यापेक्षा 'का' लिहिलेले उत्तर मला जास्त आवडेल, आणि गुणही त्यालाच आहेत.

प्र. १. (६ गुण)
अ) अन्न ज्या क्रमाने पुढे सरकते, त्या क्रमाने लावा: मोठे आतडे, जठर, तोंड, मलाशय, ग्रासनलिका, गुदद्वार, घसा, लहान आतडे.
आ) यकृत आणि स्वादुपिंड पचनाला मदत करतात, तरी वरच्या यादीत नाहीत. कारण सांगा.

प्र. २. (६ गुण)
अ) पुढील विकरे कोठे काम करतात आणि कशाचे पचन करतात? लाळेतील अमायलेज, पेप्सीन, ट्रिप्सीन, लायपेज.
आ) पेप्सीनला आम्ल लागते. जठरात ते कोणते? हे आम्ल असूनही जठराची भिंत का जळत नाही?
इ) पित्तरसात एकही पाचक विकर नसते. मग स्निग्ध पदार्थांच्या पचनात त्याचे काम काय? (दरवर्षी निम्मा वर्ग इथे 'पित्त हे विकर आहे' असे लिहितो. नीट विचार करा.)

प्र. ३. (५ गुण)
रेणुकाने भाताची पेज गाळून तीन परीक्षानळ्यांत घेतली. पहिलीत लाळ घातली, दुसरीत तेवढेच पाणी, तिसरीत उकळून गार केलेली लाळ. तिन्ही नळ्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवल्या आणि मग प्रत्येकीत आयोडीनचे दोन थेंब टाकले. दुसरी आणि तिसरी निळी-काळी झाली, पहिली झाली नाही.
अ) पहिल्या नळीतल्या पिष्टाचे काय झाले?
आ) लाळ उकळल्याने काय बिघडले?
इ) दुसरी नळी ठेवली नसती, तर निष्कर्ष काढायला काय अडचण आली असती?

प्र. ४. (८ गुण)
बेळगावहून आलेला कुंदा तुम्ही खाल्ला. त्यात साखर आहे, दुधातली स्निग्धता आहे आणि दुधातली प्रथिनेही.
अ) साखर आणि प्रथिने पचून शेवटी कोणत्या रूपात रक्तात शिरतात? कोणत्या अवयवात?
आ) स्निग्ध पदार्थांचे पचलेले घटक बहुतांशी रक्तात थेट न जाता आधी लसीकावाहिनीत जातात. रसांकुराची आकृती काढून रक्तकेशिका आणि लसीकावाहिनी दाखवा.
इ) लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते आणि आतून असंख्य रसांकुरांनी भरलेले असते. लांबी आणि रसांकुर, दोन्हींमुळे शोषणाला काय फायदा होतो?
ई) जीवनसत्त्व बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, शेषांत्रात शोषले जाते. एखाद्याचे शेषांत्र शस्त्रक्रियेने काढले, तर त्याला या जीवनसत्त्वाची कमतरता का भासेल?
उ) 'पाणी फक्त मोठ्या आतड्यातच शोषले जाते.' बरोबर की चूक? दोन वाक्यांत पटवून द्या.